स्टॉक टेकिंगचा रविवार: गेट बंद होण्यापासून फरकावर सही होईपर्यंत

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर आणि अकाउंट्स या दोन खात्यांच्या मधली जागा सांभाळते. वर्षअखेरच्या स्टॉक टेकिंगची तयारी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. नव्याने स्टोअरमध्ये आलेल्या मुलामुलींना वाटतं, मोजणी म्हणजे रॅकपुढे उभं राहून आकडे लिहायचे. प्रत्यक्षात मोजायच्या आधीच्या दोन तासांत आणि मोजून झाल्यानंतरच्या तीन दिवसांत सगळं ठरतं. म्हणून ते दोन टप्पे जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे मोजणी रविवारी असते आणि शनिवारी संध्याकाळी सहाला मालाची हालचाल बंद होते. बंद म्हणजे तीन दारं एकाच वेळी बंद: आवक, लाइनला होणारा इश्यू आणि डिस्पॅच. सहा वाजता मी स्वतः तिन्ही ठिकाणी जाते आणि आलेला माल जमा केल्याच्या शेवटच्या पावतीचा म्हणजे जीआरएनचा, शेवटच्या इश्यू स्लिपचा आणि शेवटच्या इनव्हॉइसचा नंबर एका कागदावर उतरवून घेते. त्या त्या माणसाची तिथेच सही घेते. याला आम्ही कट-ऑफ शीट म्हणतो. पुढे कुठलाही वाद झाला तर पहिल्यांदा हाच कागद काढला जातो. सहानंतर आलेला ट्रक गेटच्या आत आला तरी उतरवून घेत नाही. उतरवावाच लागला, तर पिवळ्या पट्टीच्या आत ठेवून त्यावर ‘मोजणीबाहेर’ अशी पाटी लावतो.

कॉम्प्युटरमधली बंदी वेगळी करावी लागते. आमच्याकडे साठ्याच्या आणि हिशेबाच्या नोंदींसाठी सॅप हे सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या MI01 या स्क्रीनवर मोजणीचा दस्तऐवज तयार करताना पोस्टिंग ब्लॉक लावला की त्या मालाची जमा-खर्चाची नोंद होत नाही. पुस्तकातला साठा गोठवण्याची खूण त्याच स्क्रीनवर वेगळी आहे. ती केली की मोजणीची तुलना त्या क्षणाच्या आकड्याशी होते. पण स्क्रीनवर कुलूप लागलं म्हणून रॅकला लागत नाही. सुपरवायझरने हाताने चार बोल्ट उचलले तर सॅपला काय कळणार? रात्रपाळी चालू असेल तर लाइनला लागणारा माल शनिवारी दुपारीच काढून द्या आणि त्याच्या स्लिपा सहाच्या आत चढवा.

मोजणीआधी आठवडाभर एकच काम मन लावून करायचं: जे आपलं नाही आणि जे मोजायचं नाही ते बाजूला काढायचं. ग्राहकाने दिलेले साचे, क्यूसी होल्डवरचा माल, रिजेक्शन, भंगार. जॉबवर्कला बाहेर गेलेली कास्टिंग आपलीच आहेत पण समोर नाहीत, त्यामुळे त्या वर्कशॉपकडून सही-शिक्क्याचं शिल्लक पत्र मागवून ठेवायचं.

रविवारी सकाळी आठला टॅगिंग. आमचा टॅग तीन भागांचा असतो आणि तिन्हींवर एकच छापील क्रमांक. वरचा भाग मालावर राहतो, मधला पहिल्या मोजणीचा, खालचा दुसऱ्या मोजणीचा. टॅगवर मालाचा कोड, वर्णन, जागा आणि एकक आधी लिहिलेलं असतं, पुस्तकातला आकडा मात्र कुठेही नसतो. यावर मी कधीच तडजोड करत नाही. मोजणाऱ्याला समोर ४८० दिसले आणि हाताला ४७२ लागले, तर तो पुन्हा मोजतो आणि ४८० होईपर्यंत मोजत राहतो. त्यात लबाडी नसते, माणसाचा स्वभावच तसा असतो. एकक ठळक लिहा, कारण वायर मीटरमध्ये की किलोत, गॅस्केट नगात की सेटमध्ये, या गोंधळातून निघणारे फरक सगळ्यात मोठे दिसतात आणि सगळ्यात खोटे असतात.

टॅगचा हिशेब चेकबुकासारखा ठेवायचा. कोणत्या टीमला कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत दिले, किती वापरले, किती कोरे परत आले, किती रद्द झाले. रद्द टॅग फाडून टाकायचा नाही, त्यावर रेघ मारून परत द्यायचा. मागे एकदा एक टॅग कमी पडला होता. पाऊण तास शोधल्यावर तो एका पॅलेटच्या भिंतीकडच्या बाजूला चिकटलेला सापडला आणि त्या पॅलेटवरचे इम्पेलर कोणी मोजलेच नव्हते. नंबरांची साखळी नसती तर ते इम्पेलर कमी आहेत म्हणून आम्ही खर्ची टाकले असते.

पहिली मोजणी दोघांची टीम करते. एक मोजतो, दुसरा लिहितो. मोजणारा स्टोअरचा असला तर चालतो, कारण त्याला माल ओळखता येतो, पण लिहिणारा दुसऱ्या खात्याचा हवा. मोजणी झाली की मधला भाग फाडून लगेच कंट्रोल टेबलवर आणायचा. मालावर त्याचा मागमूस राहता कामा नये, म्हणून खोक्यावर पेन्सिलने आकडा लिहायलाही मनाई असते. मग वेगळी टीम जाते, दुसरी माणसं, आणि शक्य तिथे वेगळी पद्धत. माझ्या मते फेरमोजणीतला खरा मुद्दा हा शेवटचा आहे. त्याच पद्धतीने दुसऱ्याने मोजलं तर तीच चूक पुन्हा होते आणि दोन आकडे जुळल्याचं खोटं समाधान मिळतं.

याचं आमच्याकडचं उदाहरण सांगते. एम-८ चा षटकोनी बोल्ट, पुस्तकात ५,२०० नग. पहिल्या टीमने वजनावर मोजणी केली. १० बोल्ट काट्यावर ठेवले, काट्याने १४० ग्रॅम दाखवलं, म्हणजे एक बोल्ट १४ ग्रॅम. एकूण निव्वळ वजन ६८.५ किलो, भागाकार ४,८९३. फरक ३०७ नगांचा. दुसऱ्या टीमला मी सांगितलं की नमुना १०० बोल्टांचा घ्या. वजन आलं १,३७० ग्रॅम, म्हणजे एक बोल्ट १३.७ ग्रॅम आणि एकूण बरोबर ५,०००. तो काटा १० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा होता. १० बोल्टांचं खरं वजन १३७, काट्याने ते १४० केलं आणि प्रत्येक बोल्टमागची ०.३ ग्रॅमची चूक ढिगावर जाऊन १०७ बोल्टांची झाली. हलका नग वजनावर मोजायचा असेल तर नमुना मोठा घ्या, आणि रिकाम्या क्रेटचं वजन क्रेट रिकामी करून घ्या, छापील आकडा धरू नका.

तरी २०० राहिलेच. कट-ऑफ शीट काढली, लाइनच्या सुपरवायझरकडच्या स्लिपा मागवल्या. शनिवारी संध्याकाळी पाच चाळीसची २०० नगांची स्लिप त्याच्या फाइलमध्ये होती. माल गेला होता, पण सॅपमध्ये चढवायची राहिली होती. हे बोल्ट लाइनवर मोजलेही गेले होते, तिथल्या टॅगवर.

इथे नवा माणूस हमखास फसतो. पुस्तकातला साठा आधीच ५,२०० वर गोठवलेला आहे. आता ब्लॉक काढून स्लिप चढवली आणि वर मोजणीचा २०० चा फरकही पोस्ट केला, तर तेच बोल्ट दोनदा वजा होतात. आम्ही त्या मालाचा मोजणी दस्तऐवज रद्द केला, स्लिप चढवली आणि नवा दस्तऐवज काढला. पुस्तकात ५,०००, हातात ५,०००, फरक शून्य.

आकडे भरतानाची एक बारीक गोष्ट. मोजलेले आकडे भरायच्या MI04 स्क्रीनवर रकाना कोरा सोडला तर सॅप समजतं की माल मोजलाच नाही. रॅक खरोखर रिकामा असेल तर शून्य मोजणीच्या खुणेत टिक करावी लागते. ती राहिली की नसलेला माल पुस्तकात तसाच जिवंत राहतो.

दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर तिसरी होते, आणि तिथे पहिल्या दोन टीममधलं कोणी मोजत नाही. सरासरी कधीच काढायची नाही. संध्याकाळी ऑडिटरची माणसं काही टॅग उचलून रॅकपाशी जातात आणि काही माल रॅकवरून निवडून त्याचा टॅग शोधतात. दोन्ही दिशा लागतात. पहिल्याने नसलेला माल लिहिल्याचं कळतं, दुसऱ्याने असलेला माल राहून गेल्याचं.

आता फरकाची मंजुरी. आमच्या फॉर्मवर पुस्तकातला आकडा, दोन्ही मोजण्या, फरक, किंमत, कारण आणि कारणाचा पुरावा असे रकाने आहेत. ‘मानवी चूक’ हे कारण मी परत पाठवते. कोणत्या तारखेची कोणती नोंद चुकली हे सॅपमधल्या MB51 या मालाच्या नोंदींच्या यादीतून शोधून लिहावं लागतं, आणि सापडलं नाही तर ‘कारण सापडले नाही’ असं स्पष्ट लिहावं लागतं. स्टोअरप्रमुखाने कारण लिहायचं, मंजुरी मात्र फायनान्सची. ज्याच्या ताब्यात माल आहे त्यानेच तूट माफ करायची, असं चालत नाही. खरी तूट खर्ची टाकली की जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार त्या मालावर घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागतं, म्हणून ही यादी टॅक्सच्या माणसाकडेही जाते. एखाद्या वर्गातल्या मालाचा एकूण फरक १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कारो या कंपन्यांच्या ऑडिट अहवालाबद्दलच्या सरकारी आदेशानुसार ऑडिटरला अहवालात ते लिहावं लागतं.

पण फक्त रुपयांकडे पाहिलं तर काय निसटतं, ते एका वर्षी बेअरिंगनी दाखवलं. ६२०४ झेडझेड: पुस्तकात ४२०, मोजणीत ३८४, म्हणजे ३६ कमी. ६२०४ टू-आरएस: पुस्तकात १५०, मोजणीत १८६, म्हणजे ३६ जास्त. दर जवळपास सारखे. यादीच्या तळाला दोघांचा मिळून फरक काही शे रुपयांचा. स्टोअरच्या जुन्या काकांनी सुचवलं, “मॅडम, एकमेकांत वळवून टाकूया, खोकी अदलाबदल झाली असतील.”

दोन्ही बेअरिंग मापाने अगदी एकसारखी. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७. एकाला पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबरी सील. म्हणून चुकीचं बेअरिंगही शाफ्टवर बसतं आणि लाइनवर कोणालाच काही जाणवत नाही. मी काकांना म्हटलं, “काका, अदलाबदल रॅकवर झाली असती तर दोन्ही खोकी उघडून आत्ता कळलं असतं. खोकी बरोबर आहेत. मग झेडझेड गेली कुठे?” स्लिपा तपासल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ३६ टू-आरएसची एक स्लिप होती. माल मात्र झेडझेडचा दिला गेला होता. एका पंपाला दोन बेअरिंग, म्हणजे १८ पंप. त्या पंपाच्या ड्रॉइंगमध्ये रबरी सील मुद्दाम मागितलं आहे, कारण तिथे पाण्याचे तुषार पोहोचू शकतात.

मी तो फॉर्म फायनान्सकडे न नेता आधी क्वालिटीकडे नेला. ११ पंप अजून गोडाउनमध्येच होते, ते उघडून बेअरिंग बदलली. ७ बाहेर गेले होते. त्यांचे अनुक्रमांक काढून डीलरला कळवलं आणि बदली बेअरिंग घेऊन आमचा सर्व्हिसचा माणूस गेला. त्याचा अहवाल जोडल्यावर बुधवारी फॉर्मवर सही झाली, आणि मग झेडझेडची तूट आणि टू-आरएसची वाढ अशा दोन स्वतंत्र नोंदी सॅपमध्ये फरक पोस्ट करायच्या MI07 स्क्रीनवरून केल्या. त्या आठवड्यात काकांनी स्वतःहून दोन्ही बेअरिंगांचे रॅक वेगळ्या ओळींत हलवले आणि टू-आरएसच्या प्रत्येक बिनवर निळी पट्टी चिकटवली.