तेलाचा पैसा आणि सोन्याची खरेदी : या चुका टाळा

तेल महागले की तेल विकणारे देश सोने घेतात आणि तेल पडले की ते विकतात, हे समीकरण इतक्या टिपणांत वाचले आहे की आता ते दिसले की मी पुढचे पान उलटतो. नवख्यांना ते आवडते, कारण त्यासाठी दोन आलेख शेजारी ठेवण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही.

मला हे बोलण्याचा अधिकार आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. जून 2014 मध्ये पिंपाला 115 डॉलरच्या आसपास असलेले ब्रेंट तेल जानेवारी 2015 मध्ये 50 च्या खाली आले आणि रूबल सावरता सावरता रशियाच्या गंगाजळीतून शंभर अब्जांहून अधिक डॉलर गेले. त्या वेळी मी ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांना मी ठामपणे लिहून दिले, की रशियाची मध्यवर्ती बँक आता सोने विकायला काढील. प्रत्यक्षात 2015 मध्ये तिने 200 टनांहून अधिक सोने विकत घेतले, आणि पुढे किती तरी महिने मला त्या टिपणाची आठवण करून देण्यात आली.

चूक एकच होती : सोन्याचे पैसे कोणत्या चलनात दिले जातात, हे मी विचारलेच नव्हते. रशिया स्वतः जगातील मोठ्या सोने उत्पादकांपैकी एक आहे. खाणींचे सोने देशातील व्यापारी बँका घेत आणि मध्यवर्ती बँक ते त्यांच्याकडून रूबल देऊन घेई. त्यामुळे या खरेदीला तेलाचा एकही डॉलर लागत नव्हता. उलट डॉलर बाहेर जात असताना गंगाजळीत भर घालण्याचा तोच एक सोयीचा मार्ग होता. या मार्गाला मर्यादा आहे ती खाणींच्या वार्षिक उत्पादनाची, तेलाच्या भावाची नव्हे. कझाकस्तानची मध्यवर्ती बँकही देशांतर्गत सोने टेंगे देऊनच घेते.

हीच यंत्रणा उलटीही चालते. 1 एप्रिल 2020 पासून रशियाच्या मध्यवर्ती बँकेने देशांतर्गत खरेदी थांबवली, तेव्हा तेल पुन्हा कोसळलेले होते. बँकेने साठ्यातील सोने विकले नाही. मात्र तिने घेणे थांबवल्यामुळे खाणींचे सोने निर्यात होऊ लागले आणि त्यातून देशात परकीय चलन आले. साठ्याचा आकडा जागच्या जागी असूनही जागतिक बाजारातील पुरवठा वाढला. म्हणून मी कोणत्याही तेल निर्यातदार देशाच्या आकड्यासमोर आधी एकच गोष्ट लिहितो : हे सोने डॉलर देऊन बाहेरून घेतले, की स्वतःच्या चलनात घरातून?

दुसरी चूक टक्केवारीची. सौदी अरेबियाकडे सुमारे 323 टन, म्हणजे साधारण 1 कोटी 4 लाख औंस सोने आहे. 2014 च्या अखेरीस औंसाला अंदाजे 1,200 डॉलर भाव धरला तर त्याची किंमत सुमारे 12.5 अब्ज होते, आणि त्या वेळच्या सुमारे 730 अब्ज डॉलरच्या गंगाजळीत तिचे प्रमाण 1.7 टक्के येते. दोन वर्षांनी तेलातील तूट भरून काढताना गंगाजळी 540 अब्जांच्या आसपास आली होती आणि सोनेही 1,150 पर्यंत उतरले होते. तरी प्रमाण 2.2 टक्के झाले. एक ग्रॅमही खरेदी न होता सोन्याचा वाटा वाढला, आणि घाईत असलेल्या माणसाला त्यात ‘सौदींचा सोन्याकडे कल’ दिसला. सौदी मध्यवर्ती बँकेच्या स्वतःच्या तक्त्यावरून किंमत काढू पाहणाऱ्यांची फसगत याच्या उलट होते, कारण तिथे सोने जुन्या पुस्तकी किमतीला मांडलेले असते आणि बाजारभाव कितीही हलला तरी ती रक्कम हलत नाही. मी आधी टन पाहतो, प्रमाण नंतर. आणि टन बदलले नसतील तर प्रमाणावर एक ओळही लिहीत नाही.

2010 मध्ये सौदीचा आकडा 143 वरून 323 टनांवर गेला, तेव्हाही ती 2008 पासूनच्या नोंदींची दुरुस्ती होती. त्या वर्षी 180 टन खरेदी झाली असे मानणारे अजून भेटतात.

दुबईत आलेले सोने म्हणजे आखाती मागणी, असे धरू नये. त्यातील मोठा भाग पुढे निर्यात होतो.

तेल पडल्यामुळे सोने खरोखरच विकणारा देश हवा असेल तर व्हेनेझुएला पाहावा. त्याचा साठा 360 टनांहून अधिक होता, तो काही वर्षांत निम्म्याच्या खाली आला. तिथे सोने निघाले ते डॉलरचे इतर सर्व मार्ग आटत गेल्यावर, आणि त्यातही काही भाग आधी तारण व अदलाबदलीच्या करारांतून गेला. म्हणून तेलाच्या भावाशी त्याच महिन्यातील सोन्याची तुलना करणारा तक्ता माझ्यासमोर आला, तर मी तो परत पाठवतो आणि त्या देशाची गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरते, हा रकाना आधी भरायला सांगतो.