काटा रुतण्याआधीची तयारी

मासळीच्या घरात एका डब्यात साबण, निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज आणि बॉलपेन ठेवा. घरातल्या प्रत्येकाने धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कागदावर लिहून त्याच डब्यात टाका. जवळच्या आरोग्य केंद्रात टाके घालतात का, रात्री डॉक्टर असतात का, हेही आधीच विचारून घ्या.

कोयतीने कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका. रक्त थांबलं की नळाच्या पाण्याखाली भरपूर धुवा. कडा फाकत असतील, आतली पिवळी चरबी दिसत असेल किंवा जखम सांध्यावर असेल तर टाके लागतील, आणि ते शक्यतो सहा-आठ तासांत. दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. डॉक्टरांना आधी तेच खरवडून काढावं लागतं.

शिंगाळ्याच्या काट्याचं गणित मात्र उलटं. भोक एवढंसं, रक्त थेंबभर, म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. पण काट्याला करवतीसारखे दाते असतात, वर विष. तुकडा आत मोडला असेल तर एक्स-रे काढावा लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास ठेवला की ठणका उतरतो. पाण्याची ऊब दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने बघा. अशा भोकाला सहसा टाके घालत नाहीत, कारण घाण आत कोंडते.

समजा, शेजारच्या काकूंच्या तळव्यात असा काटा गेला. शेवटचं इंजेक्शन धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणात, आणि तो आता तिशीचा. खोल, मळकट जखमेला पाच वर्षं उलटली की बूस्टर लागतो. काकूंचे तर आयुष्यात तीन डोस झाल्याचीच खात्री नाही. म्हणून त्यांना लशीबरोबर धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही हवं, कारण लस लगेच संरक्षण देत नाही. पुढचे दोन डोस, एक महिन्याने आणि मग सहा महिन्यांनी, तेव्हाच कागदावर लिहून टाका.

पेन लागतं ते लाली मोजायला. लालीच्या कडेने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ताप चढला किंवा हातावर लाल पट्टा वर सरकला तर त्याच दिवशी दाखवा. खाऱ्या पाण्यातल्या जखमेवर काही तासांत सूज, जांभळे फोड आणि जखमेच्या मानाने भलत्याच वेदना दिसल्या तर सकाळची वाट बघू नका. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांच्या बाबतीत हा संसर्ग जीवावर बेततो, तेव्हा रिक्षात बसतानाच डॉक्टरांना ‘जखम समुद्रातली आहे’ हे सांगायचं ठरवून ठेवा.