चष्म्यातली चमक: कॅमेऱ्यासमोर बसण्याआधीची तयारी

माझ्या वहिनी सांगलीहून रोज संध्याकाळी सातला दहावीची भूमिती ऑनलाइन शिकवतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, "भाऊजी, मुलं म्हणतात की बाई, तुमचे डोळेच दिसत नाहीत." रेकॉर्डिंग मागवून पाहिलं. दोन्ही काचांवर पांढरे चौकोन, आणि डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक झगझगीत ठिपका. त्यांच्याकडे जे केलं ते क्रमाने सांगतो.

आधी कोणती चमक कशाची आहे ते ओळखा. कॅमेरा चालू करा, नेहमीच्या जागी बसा आणि खोलीतले दिवे एकेक करून बंद करा. दिवा बंद केल्यावर जी चमक गेली ती दिव्याची. सगळे दिवे बंद असताना जी उरली ती मॉनिटरची. मॉनिटरवर पूर्ण काळं चित्र लावलं की तीही जाते. आकारावरूनही कळतं: चौकोन पडद्याचा, ठिपका बल्बचा, लांब रेघ ट्यूबलाइटची, गोल कडं रिंग लाइटचं. ही फोड न करता लोक दिवे इकडे तिकडे सरकवत बसतात आणि चौकोन जागचा हलत नाही. कारण दिव्याची चमक जागा बदलून जाते, पडद्याची नाही. कॅमेरा पडद्याच्याच डोक्यावर बसलेला असतो, त्यामुळे काच कॅमेऱ्याकडे वळली की पडद्याकडेही वळतेच. पडद्याची चमक फक्त दबवता येते.

दिव्यापासून सुरुवात करा, कारण ते सोपं आहे. चष्म्याची काच बाहेरून फुगीर असते, म्हणून ती फक्त समोरचंच नाही, तर आजूबाजूचंही बरंच काही कॅमेऱ्याकडे परत पाठवते. साधारण काचेच्या बाबतीत बाजूला तीसेक अंशांपर्यंतचा दिवा तिच्यात सापडतो. पण काच रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असते, त्यामुळे वरच्या दिशेला ही पकड लवकर संपते. शिवाय शिकवताना मान डावीउजवीकडे वळते, आणि मान दहा अंश वळली की प्रतिबिंब वीस अंश सरकतं. म्हणून दिवा आधी वर न्या, मग बाजूला. वहिनींचा टेबललॅम्प मॉनिटरला लागून, डोळ्यांच्याच उंचीवर होता. तो कपाटावर चढवला: चेहऱ्यापासून मीटरभर पुढे, डोळ्यांपेक्षा पाऊण मीटर वर आणि थोडा डावीकडे. ठिपका काचेतून वर सरकत गेला आणि फ्रेमच्या पलीकडे नाहीसा झाला. याहून फार वर मात्र नेऊ नका, मग फ्रेमची सावली डोळ्यांवर पडते आणि खोबण्या काळ्या दिसतात. रिंग लाइटच्या मधोमध कॅमेरा लावायची पद्धत चष्मेवाल्यांसाठी सगळ्यात वाईट. ते कडं बुबुळावरच येऊन बसतं.

दिवा हलवायला जागाच नसेल तर चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित उचला, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतील. वरचा दिवा यानं निघून जातो. मात्र पडदा कॅमेऱ्याच्या खाली असल्यामुळे याच झुकण्याने पडद्याचा चौकोन काचेत आणखी नीट बसतो. पडद्याच्या चमकेवर हा उपाय करू नका.

आता पडदा. इथे थोडा हिशेब समजून घेतला की पुढचं सगळं आपोआप सुचतं. कोटिंग नसलेली साधी प्लास्टिकची काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत पाठवते. कॅमेरा ही चमक चेहऱ्याच्या उजेडाशी तोलतो. वहिनींची खोली अंधारी आणि मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर, त्यात पीडीएफचं पांढरं पान. अशा वेळी पडद्याचा आठ टक्के परतावासुद्धा चेहऱ्यापेक्षा उजळ ठरतो. मग कॅमेरा अंधारातला चेहरा दिसावा म्हणून सगळं चित्रच उजळ करतो आणि चौकोन पांढरेफटक होतात. झूममध्ये Adjust for low light हा पर्याय चालू असेल तर हेच आणखी वाढतं. तो बंद करा. थोडक्यात, दोन्ही टोकांनी काम करायचं: पडदा मंद, चेहरा उजळ. पडद्याचा उजेड चौथाईवर आणला आणि चेहऱ्यावरचा चौपट केला, तर त्यांच्यातलं प्रमाण सोळापटीने बदलतं. नुसता ब्राइटनेस कमी करणाऱ्यांना म्हणूनच अर्धाच फरक दिसतो.

किती मंद करायचा, यासाठी एक कोरा कागद घ्या. मॉनिटरवर पांढरं पान उघडा आणि कागद त्याच्या शेजारी धरा. कागद करडा, मळका दिसला तर पडदा अजून जास्त उजळ आहे. दोन्ही सारखेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. वहिनींच्या खोलीत आधी ट्यूब लावून, लॅम्पमध्ये नऊ वॅटचा एलईडी घालून मग हे केलं, तेव्हा १०० वरचा आकडा २८ वर येऊन थांबला. त्यांना पहिली पाच मिनिटं पडदा विझल्यासारखा वाटला, नंतर डोळे सरावले.

यानंतर मॉनिटर मागे सरकवा. त्यांचा मॉनिटर ५० सेंटीमीटरवर होता, तो ७५ वर नेला. काचेतल्या चौकोनाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं. अक्षरं लहान वाटली म्हणून पान १५० टक्क्यांवर मोठं केलं. पानाची खिडकी मॉनिटरभर ठेवू नका, गरजेपुरती ठेवा आणि मागचा वॉलपेपर काळा करा. टेबलावर चेहऱ्याच्या पुढ्यात पांढरी वही पसरलेली असेल तर तिचाही उजेड काचेच्या खालच्या भागात दिसतो. तिला बाजूला ठेवा.

एवढं करूनही फिकट हिरवट किंवा निळसर छटा उरते. ती अँटिरिफ्लेक्शन कोटिंगची खूण आहे, तिला घालवता येत नाही, आणि तिच्यातून डोळे नीट दिसतात. कोटिंग चांगलं असेल तर परतावा एक टक्क्याच्या आसपास येतो, म्हणून पुढचा चष्मा करताना ते जरूर घ्या. मोठा मायनस नंबर असलेल्यांची काच पुढून चपटी असते, त्यामुळे त्यात पडदा मोठा दिसतो. त्यांनी अंतर वाढवण्यावर जास्त भर द्यावा. काचेवर बोटांचे ठसे असले तर प्रत्येक चमकेभोवती धुकं पसरतं. पाणी आणि साध्या साबणाने काच धुवून मऊ कापडाने पुसा, साडीच्या पदराने नको.

पडद्यावर खासगी काही उघडं असेल तर तेही आधी बंद करा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सहकाऱ्यांसोबत केलेल्या प्रयोगात, साध्या ७२० पी वेबकॅमच्या चित्रातूनही पडद्यावरची १० मिलिमीटर उंचीची अक्षरं चष्म्यातल्या प्रतिबिंबावरून ७५ टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखता आली होती. गुणपत्रिका मोठ्या अक्षरांत उघडून शिकवायला बसणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटची चाचणी त्याच वेळेला घ्या ज्या वेळेला बसणार आहात. दुपारी जमलेलं गणित दिवेलागणीला चुकतं. आणि स्वतःची छोटी खिडकी बघत चाचणी घेऊ नका, कारण तेव्हा मान हलत नाही. मिनिटभराचं रेकॉर्डिंग करा, त्यात खरोखर शिकवा, पान सरकवा, वहीकडे बघा, हसा. मग थांबून थांबून पाहा. वहिनींच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये समोर बघताना सगळं स्वच्छ होतं. डावीकडे फळ्याकडे वळल्या की ठिपका परत येत होता. लॅम्प आणखी वीतभर वर चढवला, तेव्हा गेला. त्या जागेवर आता कपाटावर खडूची खूण आहे, टेबलाच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टी आहे आणि मॉनिटरच्या कडेला कागदावर लिहिलंय: संध्याकाळ, २८.