लिंक्डइनवर पहिली पोस्ट टाकायचीय, पण लाज वाटते?

लाजाळू फ्रेशरची गोची कुठे होते तर कोरी चौकट उघडून तो ‘स्वतःबद्दल काय लिहू’ यावरच अडकून बसतो. मग स्वतःबद्दल लिहूच नका ना. प्रोजेक्टमध्ये किंवा इंटर्नशिपला जी एक गोष्ट अडली आणि नंतर सुटली, तेवढीच घ्या.

समजा एक्सेलमध्ये विक्रीचा चार्ट करताना महिने सॉर्ट केले आणि ते April, August, December असे आले, कारण तो कॉलम साधा टेक्स्ट होता आणि एक्सेलने सरळ एबीसीडीप्रमाणे लावून टाकला. शेजारी महिन्याच्या नंबरचा कॉलम घातला, त्यावर सॉर्ट केलं, झालं. वाटतं एवढंसं काय सांगायचं, पण एवढंसंच सांगायचंय.

आता पहिली ओळ, खरी मेहनत इथे. फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. ‘सर्वांना कळवताना अत्यंत आनंद होत आहे की’ यातच त्या ओळी संपल्या तर पुढे कोण उघडणार. त्याऐवजी असं बघा:

“माझ्या चार्टमध्ये जानेवारीच्या आधी डिसेंबर आला आणि मला अर्धा तास कळेना का. चूक चार्टची नव्हती, महिन्याचा कॉलम टेक्स्ट होता. शेजारी १ ते १२ नंबर टाकून त्यावर सॉर्ट केलं. तुम्ही हे वेगळ्या पद्धतीने करता का?”

बघा, यात कुठेही स्वतःची टिमकी नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या पोराला किंवा पोरीला चूक शोधता येते. शेवटचा प्रश्न मात्र खरा हवा, म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय असा. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारलं तर लोक अंगठा दाबून पुढे जातात.

फोटो लावायचा तर कंपनीच्या शीटचा स्क्रीनशॉट नको, नावं झाकलीत तरी नको. खोटे आकडे टाकून पाच ओळींची नवी शीट बनवा आणि तिचा काढा. मेंटॉरला टॅग करायचं असेल तर आधी मेसेज टाकून विचारा, उगाच दहा जणांना टॅग केलं की ते अवघडतात.

टाकण्याआधी पोस्ट कोणाला दिसणार ती सेटिंग बघा. खूपच धडधडत असेल तर पहिल्यांदा `Connections only` ठेवा. तोटा एवढाच की ओळखीबाहेरच्या रिक्रूटरला ती दिसणार नाही, म्हणून दुसरी पोस्ट `Anyone` वर टाका. टाकल्यावर टायपो सापडला तर घाबरून डिलीट करू नका (आलेल्या कमेंटही जातात), एडिट करता येतं.

आणि कोणी ‘मी तर तारखेचाच फॉरमॅट बदलतो’ अशी कमेंट केली तर नुसतं थँक्यू नको, ते करून बघा आणि काय झालं ते तिथेच खाली लिहा.