मॉडचा डेरिव्हेटिव्ह: या चुका टाळा

फोंड्यात बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. दरवर्षी चवथीच्या सुट्टीआधी |x² − 4| फळ्यावर लिहिलं, की कुणीतरी पटकन उत्तर देतो: |2x|. मॉड तसाच ठेवायचा आणि आतल्याचं विकलन करायचं, झालं काम!

मी वाद घालत नाही, आकडे घालून बघायला सांगतो. x = 1 ला किंमत 3, x = 1.1 ला 2.79. म्हणजे आलेख उतरतोय, आणि |2x| म्हणतं उतार +2. खरा उतार −2 आहे, कारण −2 आणि 2 यांच्या मध्ये x² − 4 ऋण असतं आणि मॉड त्याचं 4 − x² करतो. तिथे डेरिव्हेटिव्ह −2x, बाहेर दोन्हीकडे 2x. x = 2 ला डावीकडून उतार −4 येतो, उजवीकडून 4. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह नाही. −2 लाही तसंच.

काहीजण x = 0 ला बोट ठेवतात, कारण |x| तिथे मोडतो. अरे, आतलं कधी शून्य होतं ते बघा! x = 0 ला आत −4 आहे, तिथे आलेख सपाट आहे एवढंच.

आता माझी स्वतःची चूक. एका टेस्टमध्ये |x³ − 3x + 2| कुठे विकलनीय नाही, असं विचारलं होतं. आतल्याचे अवयव (x − 1)²(x + 2), म्हणून मी उत्तरपत्रिकेत 1 आणि −2 दोन्ही लिहून ठेवले. एका मुलाने फक्त −2 लिहिलं, मी गुण कापले. तो पेपर घेऊन आला. "सर, एकच्या दोन्ही बाजूंना आतलं धनच आहे, मग मॉडने तिथे बदललं काय?" मी 0.9 घातलं: 0.01 × 2.9, धन. 1.1 घातलं, तेही धन. गुण परत दिले, बाकीच्यांचे पेपरही पुन्हा तपासले.

तेव्हापासून आतलं जिथे शून्य, तिथे आतल्याचा डेरिव्हेटिव्हही काढतो. तो शून्य नसेल तरच कोपरा. इथे 3x² − 3 हा −2 ला 9 येतो, 1 ला शून्य. नुसतं चिन्ह बघून भागत नाही: x³ शून्याला चिन्ह बदलतं, तरी |x³| तिथे गुळगुळीत आहे, उतार दोन्हीकडून शून्य.

मोबाईलवरून पाठ केलेलं सूत्र, आतलं भागिले मॉड गुणिले आतल्याचा डेरिव्हेटिव्ह, चुकीचं नाही. पण आतलं शून्य झालं की ते 0/0 देतं, आणि घाईतली मुलं तिथेच "डेरिव्हेटिव्ह नाही" लिहून मोकळी होतात. |x³| ला शून्यापाशी हेच होतं.

|x² − 4| च्या डेरिव्हेटिव्हचे तुकडे लिहिताना x ≥ 2 साठी 2x असं लिहू नका, x > 2 लिहा.

आणि बाहेर काही गुणलेलं असेल तर वरचा नियम तसाच लावू नका. (x − 2)|x² − 4| मध्ये 2 चा कोपरा नाहीसा होतो, −2 चा राहतो.