या चुका टाळा: युरोतल्या जाहिरातीचा पाच वर्षांचा हिशेब

दिंडोरी किंवा निफाडचा एक द्राक्ष निर्यातदार घ्या. नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या आयातदारांसाठी तो ऑनलाइन जाहिरात देतो आणि पैसे युरोत मोजतो. समजा, 2019 मध्ये एका खऱ्या चौकशीमागे त्याला 40 युरो खर्च आला आणि 2024 मध्ये 50 युरो. बँकेने युरोला 2019 मध्ये 79 रुपये लावले, 2024 मध्ये 90. म्हणजे चौकशी 3,160 रुपयांवरून 4,500 रुपयांवर गेली, 42 टक्के वाढ. हा आकडा पाहून जाहिरात बंद करायचा विचार येतो, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

या 42 टक्क्यांत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. युरोतला भाव 25 टक्के वाढला आणि युरो रुपयात 14 टक्के महागला. आता महागाई काढायची. युरो वापरणाऱ्या देशांत 2019 ते 2024 दरम्यान ग्राहकभाव साधारण 20 टक्क्यांनी वाढले, भारतात साधारण 33 टक्क्यांनी.

चुकीचा निर्देशांक लावणे. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. हाताशी भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक असतो, म्हणून 50 युरोला तोच लावला जातो. 50 भागिले 1.33 म्हणजे 37.6 युरो, म्हणजे जाहिरात 6 टक्के स्वस्त झाली! हे खोटे आहे. युरोतल्या रकमेला युरोपची महागाई, रुपयातल्या रकमेला भारताची. 50 भागिले 1.20 केले की 41.7 युरो येतात, म्हणजे तिथल्या बाजारात जाहिरात खरोखर फक्त 4 टक्के महागली. 4,500 भागिले 1.33 केले तर 3,383 रुपये, म्हणजे आपल्या खिशाला 7 टक्के जास्त.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. जाहिरात नीट चालते का, हे पहिले सांगते. रुपयात पगार आणि मजुरी भागवणाऱ्या धंद्याला ती किती जड झाली, हे दुसरे. बैठकीत कुठला आकडा मांडताय ते आधी ठरवा.

दोन्ही महागाया एकदम काढणे. 4,500 ला 1.33 ने आणि वर 1.20 नेही भागले की 2,820 रुपये येतात, 11 टक्के घट. उत्तर असे अचानक गोड झाले तर हीच चूक शोधा. तसेच टक्के वजा करू नका: 42 वजा 33 म्हणजे 9 नव्हे, 1.42 भागिले 1.33 म्हणजे 1.07, म्हणजेच 7 टक्के.

वर्षाची एकच सरासरी घेणे. नाशिकच्या द्राक्षाला ही फार नडते, कारण जानेवारी ते एप्रिलचा हंगाम 31 मार्चला मध्येच कापला जातो आणि एकाच मोहिमेचा खर्च दोन आर्थिक वर्षांत वाटला जातो. तुलना हंगामाशी हंगामाची करा. 2022 चे उदाहरण बोलके आहे. त्या सप्टेंबरात युरो डॉलरच्याही खाली गेला होता आणि रुपयात 80 च्या आसपास होता. युरोपातली महागाई मात्र चढत होती, ऑक्टोबरात ती 10.6 टक्क्यांवर पोहोचली. रुपयात जाहिरात स्थिर दिसत होती, तेव्हा युरोत ती वाढत असू शकते. काही महिन्यांतच युरो बराच वर गेला आणि ती वाढ एकदम अंगावर आली. म्हणून प्रत्येक महिन्याचा खर्च त्या महिन्याच्या दराने रुपयात आणा. दरही वर्तमानपत्रातला नको, बँकेने किंवा कार्डाने प्रत्यक्ष लावलेला हवा, कारण त्यांचे शुल्क बरेचदा त्यातच असते.

जाहिरातीचे खाते आधीपासून रुपयात असेल तर त्या आकड्यांना पुन्हा विनिमय दराने गुणू नका, दराची चढउतार त्यांत आलेलीच असते. गूगलवर खात्याचे चलन एकदा ठरले की बदलता येत नाही. म्हणून नवे खाते उघडले असेल, तर जुन्या आणि नव्या खात्याची बेरीज एकाच चलनात आणूनच करा.

करही पाहा. परदेशी कंपनीला दिलेल्या ऑनलाइन जाहिरातीवरचा 6 टक्के समानीकरण कर 1 एप्रिल 2025 पासून गेला. तो तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत असाल आणि जुन्या खर्चात धरलेला असेल, तर पुढची घट जाहिरातीच्या भावाची नाही, कराची आहे.

शेवटी एक तपासणी, जिला निर्देशांक लागतच नाही. तुमची विक्रीही युरोत असेल, तर जाहिरातीचा युरो खर्च भागिले त्याच हंगामातली युरो विक्री असे प्रमाण काढा. रुपया घसरला की खर्च वाढतो तशी मिळकतही वाढते, त्यामुळे दराचा परिणाम बराचसा कटतो. ते प्रमाण 2019 मध्ये 2 टक्के होते आणि आजही 2 टक्केच असेल, तर 42 टक्क्यांच्या आकड्यावरून जाहिरात थांबवू नका. प्रमाण 3 टक्क्यांवर गेले असेल, तर चौकशीचे सौद्यात रूपांतर कुठे अडते ते शोधा. ती अडचण विनिमय दराच्या रकान्यात सापडणार नाही.