वडिलांची पाळी बदलली तरी बाळाची झोप न बदलण्यासाठी

माझे पती कारखान्यात आठवड्याआड रात्रपाळी करतात. त्या आठवड्यात आमची नऊ महिन्यांची मुलगी रात्री दहापर्यंत जागी राहून मग वारंवार उठत असे. घराचे दिवे, जेवण आणि तिचे झोपणे हे सारे वडिलांच्या निघण्याच्या वेळेवर ठरत होते, हे त्याचे कारण होते.

आम्ही सर्वप्रथम सकाळ पक्की केली. रात्र कशीही गेली तरी साडेसहाला पडदे उघडून तिला उजेडात आणायचे, कारण बाळाच्या शरीराचे घड्याळ जुळण्यात सकाळच्या प्रकाशाचा मोठा वाटा असतो. दुपारची शेवटची झोप चारपर्यंत संपवली, की रात्री आठला ती अतिथकल्याची किरकिर न करता झोपते. अंग पुसणे, मंद दिवा, दूध आणि एकच अंगाई हा क्रम आजीसुद्धा तसाच पाळते; त्यामुळे झोप एका माणसावर अवलंबून राहत नाही.

वडिलांचा वेळ आम्ही संध्याकाळऐवजी सकाळी साडेसातला ठेवला. ते परतल्यावर तिला मालिश करतात, न्याहारी भरवतात आणि मग वेगळ्या खोलीत झोपतात. जागरणानंतर बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर पडणे आम्ही कटाक्षाने टाळतो, कारण थकलेल्या माणसाला डुलकी लागल्यास बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

साधारण आठवडाभरात तिचे रात्रीचे उठणे कमी झाले. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र असे वेळापत्रक लावू नये. तेव्हा भुकेप्रमाणेच दूध द्यावे.